पहिल्या ओळीवरचं दुसरं श्री

नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि खाली दिवसभर पत्रा ठोकणारं प्रेस मशीन. पहिल्या आठवड्यात त्या ठाक-ठाकनं माझं डोकं उठायचं. सहा महिन्यांनी अशी गत झाली, की खाली जेवणाची सुट्टी होऊन मशीन थांबलं की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. परवा त्या बाजूला गेले तर वर कुणीतरी कुरियरचं गोदाम टाकलंय. खालचं मशीन मात्र तसंच ठोकतंय. मी पाच मिनिटं गाडीवर बसून ऐकत राहिले, आणि वॉचमननं कोण पाहिजे म्हणून विचारल्यावर उगाचच त्याच्यावर खेकसले.

नाकावर राग हा माझा जुना आजार आहे. त्या ऑफिसात तर तो फारच जोरात होता, कारण मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं असं मला वाटायचं.

आम्ही तिघं होतो. सर, म्हणजे मालक, पन्नाशीचे, आवाज कधी न चढवणारे. मी, प्रोग्राम लिहिणारी. आणि मावशी. मावशींनी वीस-बावीस वर्षं नाशिकच्या एका छापखान्यात मजकूर टाइप केला होता. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, दिवाळी अंक, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. छापखाना बंद पडल्यावर सरांनी त्यांना आमच्याकडे आणलं. आम्ही छापखान्यांसाठी आणि छोट्या साप्ताहिकांसाठी मराठी लिहायचं एडिटर बनवत होतो. मी बनवायचं, मावशींनी वापरून बघायचं आणि जिथं अडेल तिथं मला सांगायचं, अशी वाटणी. त्या सांगायच्या, मी भांडायचे, मग सर दोघींना चहा सांगायचे आणि शेवटी मावशींचंच खरं निघायचं.

माझ्याकडे अनडू-रीडूचं काम आलं तेव्हा मी भलतीच खुशीत होते. कॉलेजात शिकलेलं काहीतरी पहिल्यांदाच खरोखरीचं लिहायला मिळत होतं. मावशींना ते कसं चालतं हे सांगायला मी जेवणानंतर धुऊन ठेवलेल्या स्टीलच्या ताटल्या घेतल्या. टेबलावर डावीकडे एक चवड, उजवीकडे एक. डावी अनडूची, उजवी रीडूची. तुम्ही एक ओळ लिहिली की डाव्या चवडीवर एक ताटली ठेवायची. त्या ताटलीत काय लिहिलं आणि कुठं लिहिलं, एवढंच असतं. कंट्रोल झेड दाबलं की डावीकडची सगळ्यांत वरची ताटली उचलायची, तिच्यात लिहिलेलं पानावरून पुसायचं, आणि ती उजव्या चवडीवर ठेवायची. पुन्हा दाबलं की पुढची. कंट्रोल वाय दाबलं की उलटं, उजवीकडची वरची उचलायची, तिच्यातलं पानावर पुन्हा करायचं, ताटली परत डावीकडे. नेहमी वरचीच उचलायची, मधली ओढायची नाही.

मावशींना हे लगेच कळलं. त्यांनीच एकदा सगळ्या ताटल्या डावीकडून उजवीकडे नेल्या आणि म्हणाल्या, म्हणजे सगळ्यात शेवटी लिहिलेलं आता सगळ्यात तळाशी गेलं की गं. मी म्हटलं, बरोब्बर. मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. दोन-चार ताटल्या उजवीकडे असताना तुम्ही नवीन काही लिहिलं, तर नवी ताटली डावीकडे बसते आणि उजवी सगळी चवड टाकून द्यायची. मागं जाऊन नवीन लिहिलं की पुढचं गेलं.

"टाकायची कशाला? बाजूला ठेव ना," मावशी म्हणाल्या.

मी समजावलं. प्रत्येक ताटलीत जागा लिहिलेली असते, सुरुवातीपासून इतक्या अक्षरांनंतर हे घाला अशी. मध्येच वर चार अक्षरं नवी आली, की त्या सगळ्या जागा चुकतात. जुनी ताटली तशीच पानावर आणली तर भलत्याच शब्दाच्या पोटात ओळ घुसेल. म्हणून टाकायची. मावशी म्हणाल्या, पानावर नको आणू, पण फेकू तरी नको. माझा पारा चढला. जगातली बहुतेक एडिटरं असंच करतात, तुम्ही नवं शास्त्र काढू नका, असं काहीतरी मी बोलले. त्या हसल्या आणि ताटल्या उचलून मांडणीत ठेवायला गेल्या. त्या अशाच होत्या, वाद घालायच्या आणि मग सोडून द्यायच्या, आणि माझ्या मनात मात्र तो दिवसभर चालू राहायचा.

त्यानंतर मी त्यांना काम दिलं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मी एडिटर चालू करून दिलं, माझ्या डीबगरमधूनच. डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम जागच्या जागी थांबवून त्याच्या पोटात डोकावायचं साधन. मी सांगितलं, रोज ह्याच्यात काहीतरी लिहा, काहीही, पण प्रोग्राम बंद करायचा नाही. आठवडे गेले तरी नाही. किती दिवस त्याच्या चवडी नीट राहतात ते मला बघायचंय. इन्व्हर्टर होता, त्यामुळे वीज गेली तरी चिंता नव्हती. फाईलचं नाव मीच दिलं होतं, चाचणी.

दुसरा कुणी असता तर त्यानं कखगघ लिहिलं असतं. मावशींनी आई लिहिली.

त्यांची आई नामपूरला होती, एकटी, ऐंशीच्या पुढची. रोज दुपारी जेवण झालं की मावशी गॅलरीत फोन लावायच्या. तिकडून पहिला प्रश्न ठरलेला, "जेवनी का?" म्हणजे जेवलीस का. मग अहिराणीत अर्धा तास. आता त्या फोन कानाला लावून कोपऱ्यातल्या मशीनपाशी बसू लागल्या आणि आई जे सांगेल ते टाइप करू लागल्या. आई काय वाट्टेल ते सांगायची. कांद्याचं बी कुठल्या नक्षत्रावर टाकायचं, बाळंतिणीला कुठला पाला शिजवून द्यायचा, कुठल्या चुलतसासूनं कुणाच्या लग्नात रुसून काय केलं, कानबाईच्या सणाला रोटांसाठी पीठ कसं दळायचं. बोलण्याला शेंडा ना बुडखा. मावशी छापखान्यातल्या, त्यांना पसारा बघवायचा नाही. त्यांनी मथळे केले होते, शेत, सणवार, नातीगोती, स्वयंपाक. आईनं काही सांगितलं की ते त्या त्या मथळ्याखाली वर-खाली जाऊन लिहायच्या.

म्हणून पानावर सगळं नीटनेटकं होतं, पण आई ज्या क्रमानं बोलली तो क्रम पानावर नव्हता. तो फक्त माझ्या चवडीत होता. हे मावशींच्या ध्यानात माझ्याआधी आलं. मी एक ओळ म्हणजे एक ताटली धरली होती. त्यामुळे दहा-वीसदा कंट्रोल झेड मारून मागं जायचं आणि मग एकेकदा कंट्रोल वाय दाबत पुढं यायचं, की आई बोलली तशीच ओळी उमटत यायच्या. एक शेतात, एक नात्यात, एक चुलीपाशी. टाइप करताना झालेली चूकसुद्धा आधी चूक म्हणून यायची, मग सुधारायची. कॅसेट मागं नेऊन ऐकतेय असं त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, मावशी, अनडू ह्यासाठी नसतं. आज वाटतं, ह्याच्यापेक्षा चांगलं कशासाठी असणार होतं?

एका शुक्रवारी दुपारी आमच्याकडे एका साप्ताहिकाचे संपादक एडिटर बघायला यायचे होते. मावशींनी त्यांना टाइप करून दाखवायचं होतं. पाहुण्यांची गाडी खाली लागली आणि मावशी अजून फोनवर. मी दारातून ओरडले, ठेवा आता तो फोन, रोज उठून तेच काय बोलायचं असतं! त्यांनी घाईघाईनं दोन वाक्यं टाइप केली, एंटर मारलं, आईला उद्या करते म्हणून सांगितलं आणि पदर नीट करत आल्या. संपादक खूश होऊन गेले. मीही खूश होते.

शनिवारी पहाटे मावशींची आई गेली. झोपेतच.

सरांनी मला फोन करून सांगितलं. कबूल करते, तेव्हा मला त्या शुक्रवारचं नीट आठवलंही नव्हतं. आम्ही दोघं नामपूरला जाऊन आलो. मावशी ओसरीत बायकांच्यात बसल्या होत्या. मला बघून हात धरला आणि विचारलं, मशीन चालू आहे ना गं? बंद नाही ना केलंस? मी म्हटलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बायकांकडे वळल्या.

तेराव्यानंतर मावशी कामावर आल्या. डबा ठेवला, चपला काढल्या आणि कोपऱ्यातल्या मशीनपुढे बसल्या. मला माझ्या जागेवरून त्यांची पाठ दिसत होती. त्या कंट्रोल झेड मारत होत्या. एक, दोन, दहा, पन्नास. आजवर त्या थोडंच मागं जाऊन यायच्या. आज त्यांना पहिल्यापासून ऐकायचं होतं, पार पहिल्या दिवसापासून. ओळी एकेक करून पुसत गेल्या. शेवटी पान कोरं झालं.

आणि इथं ते झालं. ज्या बाईनं वीस वर्षं रोज कोऱ्या पानावर काम सुरू केलं, तिचा हात कोरं पान पाहिल्यावर काय करेल? आपल्याकडं वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांत आधी काय लिहितात? मावशींच्या बोटांनी मावशींना न विचारता वर मधोमध श्री लिहिलं आणि एंटर मारलं.

मग त्यांनी कंट्रोल वाय दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग कंट्रोल झेड दाबलं, तर श्री गेलं. कंट्रोल वाय, श्री आलं. झेड, गेलं. वाय, आलं. मी वर बघितलं तेव्हा त्या हेच करत होत्या, एकामागून एक, न थांबता.

"पुढचं येत नाहीये गं," त्या म्हणाल्या.

मी उठून गेले आणि बघताक्षणी काय झालं ते मला कळलं. गंमत अशी की पानावर जे दिसत होतं ते अगदी बरोबर होतं. त्यांनी पहिल्या दिवशीही आधी श्रीच लिहिलं होतं. त्यांनी फक्त एकदा कंट्रोल वाय दाबलं असतं तर पडद्यावर हेच श्री दिसलं असतं आणि पुढची सगळी चवड शाबूत राहिली असती. पण माझ्या प्रोग्रामला काय कळणार, की हे तेच श्री आहे? त्याच्या लेखी नवीन लिहिलं म्हणजे नवीन लिहिलं. मीच त्याला तसं शिकवलं होतं. उजवी चवड टाक म्हटलं होतं, त्यानं टाकली.

मी फाईल शोधली. आमचं एडिटर दर दोन मिनिटांनी आपलं आपण फाईल साठवायचं. हाही माझाच शहाणपणा, कुणाचं काम जाऊ नये म्हणून. त्यानं इमानेइतबारे तेवढंच साठवलं होतं जेवढं पानावर होतं. फाईल उघडली, आत श्री. आदली एक प्रत ठेवावी हे आमच्या करायच्या कामांच्या यादीत दोन महिने पडून होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि मला विचारलं, माय गेली का गं पुन्हा? आयुष्यात पहिल्यांदा मला राग यायला पाहिजे होता आणि येत नव्हता. मी एवढंच म्हटलं, कशाला हात लावू नका. आणि सरांना हाक मारली.

सर आले, खुर्ची ओढून बसले. त्यांनी शांतपणे विचारलं, चवड टाकायची म्हणजे तू नेमकं काय करतेस? तेव्हा मला आठवलं. महिन्याभरापूर्वी सरांनी माझा प्रोग्राम तपासताना ह्याच जागेवर बोट ठेवलं होतं. मी चवडीतल्या ताटल्या खरोखर टाकतच नव्हते. रांगेनं घरं केली होती आणि चवड किती उंच आहे तो आकडा वेगळा ठेवला होता. टाकायची म्हणजे मी फक्त तो आकडा शून्य करत होते. ताटल्या होत्या तिथंच. पुढं कधी त्या घरात नवी ताटली आली, की त्या वेळी आतला जुना मजकूर मोकळा करायचा. सर म्हणाले होते, हा आळशीपणा आहे, जिथली घाण तिथं साफ करावी. मी भांडले होते. चालतंय ना, मग झालं, म्हटलं होतं. आणि ते तसंच राहिलं होतं.

सर माझ्याकडे बघून अगदी थोडं हसले. म्हणाले, बघ, कधी नव्हे ते तुझं ऐकलं नाहीस तेच बरं केलंस. माझं म्हणायचं ते तुझं म्हणाले. घाबरल्यामुळे त्यांचंही बोलणं उलटंसुलटं झालं होतं.

मी डीबगरमध्ये प्रोग्राम थांबवला आणि रीडूची घरं उघडली. मला आजही ती यादी डोळ्यांपुढं दिसते. घरं भरलेली होती. एकात कांद्याचं बी, एकात कानबाई, एकात ती रुसलेली चुलतसासू. मी खाली-खाली जात मोजली. तळाचं धरून दोनशे तेरा घरं. वरच्या शेवटच्या घरात पहिल्या दिवशीचं श्री होतं, कारण ते सर्वांत शेवटी पुसलं गेलं होतं. आणि मग मी सगळ्यांत तळाचं घर बघितलं.

तळाचं घर म्हणजे सर्वांत आधी पुसलेलं, म्हणजे सर्वांत शेवटी लिहिलेलं. ती शुक्रवारची दोन वाक्यं तिथं असायला हवी होती. आकडा शून्य झाल्यावर मावशींनी घाबरून कंट्रोल झेड मारलं, तेव्हा नवीन श्री पुसून रीडूत गेलं ते शून्यापासून, म्हणजे नेमकं ह्याच घरात. त्यानंतरच्या त्यांच्या सगळ्या झेड-वायमध्ये श्री त्याच एका घरात जात-येत राहिलं. बाकी दोनशे बारांना धक्का लागला नव्हता. तळाच्या घरातला जुना मजकूर मात्र पहिल्याच वेळी मोकळा झाला होता, तेवढं एक काम मी मन लावून लिहिलेलं होतं. मी ती मोकळी झालेली जागाही हुडकून काढली. चाचणीच्या आवृत्तीत मोकळी केलेली जागा मुद्दाम एकाच खुणेनं भरून टाकतात, म्हणजे कुणी चुकून तिथलं वाचायला गेलं तर लगेच कळावं. सगळीकडे तीच खूण होती. एक अक्षर उरलं नव्हतं.

मी मावशींना खरं सांगितलं. बाकी सगळं आहे, शेवटचं नाही. त्या दिवशी काय म्हणाल्या होत्या आई, आठवतंय का? मावशींनी डोळे मिटले. म्हणाल्या, खुरासणीचं काहीतरी होतं. चटणीचं की तेलाचं, नक्की नाही सांगता यायचं. हात टाइप करत होते आणि कान तुझ्याकडे होते.

हे त्या मला टोचून बोलल्या नाहीत. सहज बोलल्या, जसं झालं तसं. म्हणून ते मला अजून टोचतं.

पुढचं काम सोपं होतं. पान आधी कोरं पाहिजे, कारण प्रत्येक ताटलीतली जागा कोऱ्या पानापासून मोजलेली. म्हणून एकदा कंट्रोल झेड मारून श्री पुसलं. मग प्रोग्राम थांबवून तो उंचीचा आकडा हातानं बदलला, एकाचे दोनशे तेरा केले. सर म्हणाले, नशीब की गेली ती तळाची. मधली एखादी गेली असती तर तिच्यानंतरच्या सगळ्या ओळींच्या जागा सरकल्या असत्या आणि मजकुराचा काला झाला असता. शेवटचीवर कुणाचं काही अवलंबून नसतं.

मी प्रोग्राम चालू केला आणि उठले. म्हटलं, तुम्ही दाबा.

मावशींनी कंट्रोल वाय दाबलं. श्री आलं, पहिल्या दिवशीचं. पुन्हा दाबलं. शेत हा मथळा आला. पुन्हा दाबलं, आणि आई बोलायला लागली. मी आणि सर मागं उभे होतो. खाली जेवणाची सुट्टी झाली आणि मशीन थांबलं, त्यामुळे कीबोर्डचा आवाज तेवढा येत होता. काही ओळींना मावशी हसल्या. एका ओळीपाशी त्या बराच वेळ थांबल्या, ती बाळंतपणातल्या पाल्याची होती, त्यांच्याच पहिल्या बाळंतपणाची. मध्ये एकदा सरांनी चष्मा काढून पुसला. मी तर केव्हाची रडत होते, लपवून वगैरे नाही, चांगली भोकाड पसरल्यासारखी, आणि मावशी मागं न बघता म्हणाल्या, नाक पूस गं, कीबोर्डवर पडेल.

दोनशे बारा झालं. मी पुढं झाले. म्हटलं, आता थांबा, पुढचं दाबू नका, मी आधी दुसऱ्या नावानं साठवते. साठवलं, दोन ठिकाणी. मग मी त्यांना सांगितलं, तळाच्या घरात आता तुमचं आजचं श्री आहे, ते काढून टाकते.

मावशींनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच कंट्रोल वाय दाबलं. त्या ताटलीत जागा लिहिलेली होती, अगदी सुरुवातीला. त्यामुळे ते पानाच्या खाली, जिथं खुरासणीचं काहीतरी असायला हवं होतं तिथं, आलं नाही. ते सर्वांत वर गेलं. पहिल्या ओळीवर एक श्री आणि त्याच्या खाली जुनं श्री. मी म्हटलं, मावशी, दोनदा झालंय, पुसू का?

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिचं शेवटचं बोलणं आहे ते."

पुढच्या आठवड्यात मी तो प्रोग्राम बदलला. सरांना वाटलं मी चवड साफ करायचं राहिलेलं काम करतेय. मी उलटं केलं. नवीन लिहिल्यावर रीडूची चवड पानावर येणार नाही हे कायम ठेवलं, ते बरोबरच होतं, पण ती टाकायची नाही, तारीख-वेळ घालून अख्खी बाजूला ठेवायची आणि त्या वेळचं पानही तिच्यासोबत. मावशींनी ताटल्या हातात घेऊन पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तेच. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, बघ, सांगत नव्हते? शहाण्याला शब्दाचा मार, पण तू कुठली शहाणी. आणि मला डब्यातली अर्धी बाजरीची भाकरी दिली.

एडिटर फार चाललं नाही. सरांनी दोन वर्षांनी ऑफिस बंद केलं. मी आता घरून एका पुण्याच्या कंपनीचं काम करते, माझ्यावर चिडणारी नवी मुलं माझ्या हाताखाली आहेत, आणि मला त्यांच्यावर ओरडताना मध्येच तो शुक्रवार आठवतो आणि मी गप्प बसते. मावशींनी आईची ती फाईल छापून घेतली, चाळीसेक पानांची, नात्यागोत्यात वाटायला. मजकूर लावणाऱ्या माणसानं पहिल्या पानावरचं एक श्री चूक समजून काढलं होतं. मावशी स्वतः छापखान्यात जाऊन ते परत घालून आल्या.

माझ्याकडे एक प्रत आहे. शेवटच्या पानावर, स्वयंपाकाच्या शेवटी, त्यांनी थोडी जागा कोरी सोडून घेतली आहे, दोन ओळींची. मी कधीकधी ती उघडून बघते. मला खुरासणीची चटणी करता येते, तेलही कसं काढतात ते मी विचारून घेतलंय. पण त्या दुपारी ती म्हातारी नक्की काय सांगत होती ते मला माहीत नाही, आणि ते माझ्यामुळे कुणालाच माहीत नाही.

मागच्या महिन्यात मावशींना फोन केला, दुपारी, मुद्दाम जेवणाच्या वेळेला. त्यांनी उचलला आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "जेवनी का?" मी काय काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं राहिलं. मी नाही म्हटलं, आणि मग त्या बोलत राहिल्या, आणि मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.